जुलैचा व्याजदर, एप्रिलमध्ये

चाकणला सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना डोळ्यांसमोर आणा. त्याच्यावर दहा कोटींचं मुदत कर्ज आहे. कर्जाचा दर स्थिर नाही, तो तीन महिन्यांच्या ट्रेझरी बिलाच्या दराला बांधलेला आहे आणि त्यावर बँकेचे पावणेतीन टक्के. १ ऑक्टोबर २०१९ पासून सूक्ष्म आणि लघुउद्योगांची बदलत्या दराची नवी कर्जं अशा बाहेरच्या मापदंडाला जोडणं रिझर्व्ह बँकेने सक्तीचं केलं. बहुतेक बँकांनी रेपो दर निवडला, काहींनी ट्रेझरी बिल. आपल्या कारखान्याच्या वाट्याला ट्रेझरी बिल आलं. दर तीन महिन्यांनी बँकेचं एक ओळीचं पत्र येतं की नवा दर अमुक इतका, आणि पुढचे तीन महिने तोच.

पुढचं पत्र ६ जुलैला यायचं आहे. आज ६ एप्रिल. मालक हिशेबनिसाला विचारतात, “जुलैत काय दर लागेल हो?”

“ते जुलैतच कळणार, साहेब.”

“मग ऑर्डरचा भाव आज कसा देऊ मी?”

या प्रश्नावर बँकांच्या ट्रेझरीत फार जुना तोडगा आहे. त्याचं नाव फॉरवर्ड रेट अ‍ॅग्रीमेंट, रोजच्या बोलण्यात एफआरए. ६ जुलैपासून ५ ऑक्टोबरपर्यंतच्या ९१ दिवसांचा दर आजच ठरवून टाकायचा. यात कर्ज कुणी कुणाला देत नाही. दहा कोटी फक्त कागदावर असतात, हिशेबापुरते. ६ जुलैला खरा दर जाहीर झाला की ठरलेला दर आणि खरा दर यांच्यातल्या फरकाचे पैसे एका बाजूने दुसऱ्या बाजूला द्यायचे आणि करार संपला. दर वाढला तर बँक कारखान्याला देणार, उतरला तर कारखाना बँकेला. तीन महिन्यांनी सुरू होऊन सहाव्या महिन्याला संपणारा म्हणून बाजारात याला ‘थ्री बाय सिक्स’ म्हणतात आणि ३×६ असं लिहितात.

ट्रेझरीत मी काही वर्षं काढली. तिथे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ग्राहकाचा पहिला समज असा की बँकेच्या अर्थतज्ज्ञाने जुलैचा अंदाज बांधला असणार आणि तोच दर म्हणून सांगितला असणार. तसं नसतं. डीलरला जुलैबद्दल तुमच्याइतकंच कळतं. तो फक्त आजचे दोन दर पाहतो आणि त्यांतून तिसरा काढतो.

कसा, ते बँकेतल्या ठेवीवरून बघू. तुमच्याकडे सहा महिन्यांसाठी पैसे आहेत. दोन वाटा आहेत. एक, थेट सहा महिन्यांची ठेव करा. दुसरी, तीन महिन्यांची करा आणि मुदत संपली की मुद्दल व्याजासकट पुन्हा तीन महिन्यांसाठी ठेवा. पहिल्या वाटेचा शेवट आजच माहीत आहे. दुसरीचा पहिला टप्पा माहीत आहे, दुसरा नाही. आता स्वतःला विचारा, दुसऱ्या टप्प्याला किती दर मिळाला तर दोन्ही वाटा पै-पैशाने सारख्या ठरतील? जो दर येईल तो फॉरवर्ड दर. एफआरएचा भाव म्हणतात तो हाच.

ट्रेझरी बिलांवर हा हिशेब फार स्वच्छ बसतो. सरकार ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची बिलं काढतं आणि रिझर्व्ह बँक दर बुधवारी त्यांचा लिलाव करते. बिलावर व्याज वेगळं मिळत नाही. शंभराचं बिल कमी किमतीला घ्यायचं आणि मुदत संपली की शंभर वसूल करायचे. समजा आज ९१ दिवसांचा दर ५.५० टक्के आहे आणि १८२ दिवसांचा ५.७० टक्के. (हे आकडे हिशेबासाठी घेतले आहेत, कुठल्या एका दिवसाचे नाहीत.) मग तीन महिन्यांचं बिल ९८.६४७३ रुपयांना पडतं आणि सहा महिन्यांचं ९७.२३६४ रुपयांना.

या दोन किमती शेजारी ठेवल्या की काम झालंच. ५ ऑक्टोबरच्या शंभर रुपयांची आजची किंमत ९७.२३६४. ६ जुलैच्या शंभर रुपयांची आजची किंमत ९८.६४७३. म्हणजे ६ जुलैपासून ५ ऑक्टोबरपर्यंत पैसा जितक्या पटीने वाढायला हवा ती पट पहिल्या किमतीत नाही, दुसरीतही नाही. ती दोघींच्या भागाकारात आहे. ९८.६४७३ भागिले ९७.२३६४, उत्तर १.०१४५१. एकाच्या पुढचा ०.०१४५१ हा ९१ दिवसांचा वाढावा. त्याला ३६५ ने गुणून ९१ ने भागलं की वार्षिक दर येतो ५.८२ टक्के.

इथे बरेच जण घाईत चुकतात. त्यांचा तोंडी हिशेब असा की सहा महिन्यांची सरासरी ५.७०, पहिल्या तीन महिन्यांत ५.५०, तर उरलेल्या तीन महिन्यांत ५.९० हवेत, म्हणजे सरासरी जुळली. जुळत नाही. दुसऱ्या वाटेवर जुलैत तुम्ही फक्त मुद्दल ठेवत नाही, पहिल्या तीन महिन्यांचं व्याजही ठेवता. त्या व्याजावरही व्याज मिळतं, म्हणून दुसऱ्या टप्प्याला थोडा कमी दर पुरतो. ५.९० आणि ५.८२ यांच्यात आठ बेसिस पॉइंटचा फरक आहे. टक्क्याचा शंभरावा भाग म्हणजे एक बेसिस पॉइंट. दहा कोटींवर ९१ दिवसांसाठी असा एक पॉइंट ₹२,४९३ चा होतो. आठ पॉइंट म्हणजे वीस हजारांच्या आसपास, केवळ सरासरीच्या मोहापायी.

५.८२ वर बाजार का टिकतो? कुणी वेगळा दर दिला तर दुसरा कुणी तो फरक खिशात घालतो म्हणून. समजा एखाद्या बँकेने एफआरए ६ टक्क्यांनी देऊ केला. मग मी सहा महिन्यांसाठी ५.७० ने दहा कोटी उचलतो, तीन महिन्यांसाठी ५.५० ने गुंतवतो आणि जुलैत व्याजासकट येणाऱ्या रकमेवर पुढच्या तीन महिन्यांसाठी ६ टक्के आजच पक्के करून ठेवतो. ऑक्टोबरमध्ये घेणं-देणं मिटवल्यावर हातात ₹४५,४४३ उरतात. जुलैत दर कुठेही गेला तरी तेवढेच. असा फुकटचा पैसा दिसला की शंभर फोन वाजतात आणि ६ टक्क्यांचा दर खाली येतो.

मात्र एक खाच आहे आणि पाठ्यपुस्तकं ती पटकन ओलांडतात. ट्रेझरी बिलाच्या दराने कर्ज मिळतं ते फक्त भारत सरकारला. मी ५.७० ने पैसे उचलतो असं वर सहज लिहिलं, पण मला त्या दराने कोण देणार? बँकेलासुद्धा सहा महिन्यांचा पैसा त्याहून महाग पडतो. म्हणजे फुकटचा पैसा उचलण्याचं यंत्र सुरू व्हायलाच काही खर्च येतो, आणि तेवढ्या पट्ट्यात एफआरएचा दर ५.८२ च्या वर-खाली सुखाने राहू शकतो. आपल्या कारखान्याला बँकेने ५.८७ सांगितला असं धरू. वरचे पाच पॉइंट हे बँकेचं मार्जिन. दहा कोटींवर ते ₹१२,४६६ होतात. ते पावतीवर कुठेही वेगळे लिहिलेले नसतात.

आणि ५.८२ हा अंदाज नाही, हे पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण त्यावरून ग्राहक आणि बँकेत खरे वाद होतात. रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती येत्या तीन महिन्यांत रेपो दराला हात लावणार नाही असं सगळ्या बाजाराचं मत असलं तरी फॉरवर्ड दर आजच्या दरापेक्षा वर असू शकतो. लांब मुदतीसाठी पैसा अडकवायचा तर लोक थोडं जास्त मागतात, आणि ते जास्तीचं सगळं वजन दुसऱ्या टप्प्यावर येऊन पडतं.

हेच वजन हिशेबातली चूकही मोठी करतं. १८२ दिवसांचा दर ५.७० ऐवजी ५.७५ घेऊन बघा. नुसते पाच पॉइंट. फॉरवर्ड दर ५.८२ वरून ५.९२ वर उडी मारतो, पुरे दहा पॉइंट. सहा महिन्यांच्या दरातली चूक सहाही महिन्यांवर पसरलेली होती, पहिले तीन महिने जागचे हलत नाहीत, म्हणून सगळी चूक शेवटच्या तीन महिन्यांत गोळा होते आणि दुप्पट दिसते. नऊ महिन्यांनी सुरू होऊन बाराव्या महिन्याला संपणाऱ्या करारात तीच चूक साधारण चौपट होते. रिसेट ६ जुलैऐवजी २० जुलैला असेल तर १०५ आणि १९६ दिवसांचे दर लागतात, ते लिलावात थेट मिळत नाहीत. शेजारच्या दोन मुदतींच्या मधोमध रेघ ओढून ते काढावे लागतात. रेघ कशी ओढली यावरून दोन बँकांचे भाव दोन-तीन पॉइंटांनी वेगळे येतात आणि दोघीही आपापल्या जागी बरोबर असतात. वेगवेगळ्या मुदतींचे दर एका ओळीत मांडले की जी वक्ररेषा दिसते, जिला यील्ड कर्व्ह म्हणतात, तिच्यातली बारीकशी सुरकुतीसुद्धा फॉरवर्ड दरांत खड्ड्यासारखी दिसते. जुने डीलर कर्व्ह नीट काढला गेलाय की नाही हे असंच तपासतात. मूळ दर कुणी बघत नाही, फॉरवर्ड दर काढून बघतात. ते दातेरी आले तर कुठेतरी आकडा चुकला आहे.

आता ६ जुलै.

तीन महिन्यांच्या ट्रेझरी बिलाचा मापदंड एफबीआयएल ही संस्था रोज जाहीर करते. फिमडा, फेडाई आणि इंडियन बँक्स असोसिएशन यांनी मिळून २०१४ मध्ये ती काढली. कुणाला फोन करून ‘तुमच्या मते दर काय’ असं ती विचारत नाही, एनडीएस-ओएम या व्यवहारमंचावर बिलांचे जे खरे सौदे झाले त्यांवरून दर काढते. का, ते पुढे येईल. समजा करारात ठरलेल्या दिवशीचा दर ६.३० टक्के निघाला. ठरलेला होता ५.८७. फरक ०.४३ टक्के, कारखान्याच्या बाजूने.

दहा कोटींवर ९१ दिवसांचे ०.४३ टक्के म्हणजे ₹१,०७,२०५. हिशेबनिसाने हा आकडा आदल्या रात्रीच काढून ठेवला होता. सकाळी बँकेकडून सेटलमेंटचा कागद आला त्यावर ₹१,०५,५४८. हिशेबनिसाने लगेच फोन उचलला. सोळाशे सत्तावन्न रुपये कुठे गेले?

कुठेच गेले नाहीत. गोम वेळेची आहे. कर्जावरचं जास्तीचं व्याज कारखान्याला ९१ दिवस संपल्यावर, ५ ऑक्टोबरला भरायचं आहे, असं आपण धरलं आहे. एफआरएचे पैसे मात्र बँक आज, ६ जुलैला, काळ सुरू होतानाच देते आहे. तीन महिन्यांनी लागणारे ₹१,०७,२०५ आजच हातात दिले तर कारखान्याचं त्यावरचं तीन महिन्यांचं व्याज फुकट झालं. म्हणून बँक ती रक्कम आजच्या किमतीला आणून देते. कोणत्या दराने? आत्ताच जाहीर झालेल्या ६.३० ने. ९१ दिवसांचे ६.३० टक्के म्हणजे ०.०१५७०७. ₹१,०७,२०५ ला १.०१५७०७ ने भागा, ₹१,०५,५४८ येतात. हेच पैसे ६.३० ने तीन महिने ठेवले तर ५ ऑक्टोबरला बरोबर ₹१,०७,२०५ होतात. कारखान्याच्या कर्जाचा दर ६.३० अधिक २.७५, म्हणजे ९.०५ टक्के झाला. ९१ दिवसांचं व्याज ₹२२,५६,३०१. त्यातून ₹१,०७,२०५ वजा केले की उरतात ₹२१,४९,०९६, आणि हे दहा कोटींवर नेमके ८.६२ टक्क्यांनी होणारं व्याज आहे. ५.८७ अधिक २.७५. एप्रिलमध्ये ठरलं होतं तेच.

पहिल्याच दिवशी पैसे का द्यायचे, शेवटी का नाही, हे मला सुरुवातीला कळायचं नाही. जुन्या लोकांनी सांगितलं ते असं, की दर कळला की देणं-घेणं कळलं. ते तीन महिने लटकत ठेवलं तर तेवढे तीन महिने समोरची बँक बुडण्याची धास्ती बाळगायची. आकडा माहीत आहे तर आजच मिटवून टाका. यात शहाणपण आहे.

पण याचा एक परिणाम ग्राहकाच्या गळी उतरत नाही. एफआरए तुम्हाला ८.६२ टक्क्यांचं जे आश्वासन देतं ते एका अटीवर, की मिळालेला पैसा तुम्ही कामाला लावाल. आपल्या हिशेबनिसाने ते ₹१,०५,५४८ चालू खात्यात तसेच ठेवले तर शून्य व्याज, आणि ते सोळाशे सत्तावन्न रुपये खरोखरच गेले. त्याने ते त्याच दिवशी कर्जात भरले असते तर ९.०५ टक्के वाचले असते, म्हणजे तीन महिन्यांत ₹२,३८१, लागत होते त्याहून सातशेच्या वर जास्त. रक्कम छोटी आहे. दहा कोटींच्या जागी हजार कोटी घाला, मग छोटी राहत नाही.

उलट बाजूही बघायलाच हवी, कारण खरी भांडणं तिथे होतात. समजा ६ जुलैला दर ५.२० निघाला. आता फरक ०.६७ टक्के, बँकेच्या बाजूने. ९१ दिवसांचे ₹१,६७,०४१, ते ५.२० ने आजच्या किमतीला आणले की ₹१,६४,९०३. एवढी रक्कम कारखान्याने आजच्या आज बँकेला द्यायची. मालक हिशेबनिसाला बोलावून घेतात. “दर उतरला, सगळ्यांचं व्याज कमी झालं आणि आपणच दीड लाखाच्या वर भरायचे? कुणी सांगितलं होतं हे?” सांगितलं होतं त्यांनीच, एप्रिलमध्ये. कर्जाचा दर ७.९५ झाला आहे, त्यात हे पैसे मिळवले की पुन्हा ८.६२. ऑर्डरचा भाव ज्या दरावर दिला होता तोच. मालकांना हवं होतं ते दर उतरला तर स्वस्त आणि चढला तर जुनाच असं काहीतरी. तेही बाजारात मिळतं, त्याला कॅप म्हणतात. पण त्याचे पैसे एप्रिलमध्येच रोख मोजावे लागतात. एफआरए करताना काही मोजावं लागत नाही ते याच कारणाने, की दोन्ही बाजूंनी दोन्ही शक्यता सोडून दिलेल्या असतात.

आतापर्यंतचा हिशेब जुळला तो मी तारखा जुळवून घेतल्या म्हणून. खऱ्या कर्जात त्या आपोआप जुळत नाहीत. आपल्याकडे बँका मुदत कर्जाचं व्याज दरमहा लावतात. एफआरए मात्र ९१ दिवसांनी एकदाच व्याज द्यायचं असं गृहीत धरतं. दर तिमाहीसाठी स्थिर असल्यामुळे मोठं नुकसान होत नाही, पण हिशेब रुपयाला रुपया बसणार नाही आणि ऑडिटर विचारणार. दुसरी गोष्ट जास्त बोचते. बँक कर्जाच्या रिसेटसाठी कुठला दर धरते? त्याच दिवशीचा, आदल्या दिवशीचा, की मागच्या महिन्याच्या सरासरीचा? मंजुरीपत्रात ते बारीक अक्षरात असतं. कर्ज मागच्या महिन्याच्या सरासरीवर आणि एफआरए एकाच दिवसाच्या दरावर असेल, आणि नेमक्या त्या एका दिवशी बाजारात पैशाची चणचण होऊन दर वीस पॉइंट उडाला किंवा पडला, तर त्या वीस पॉइंटांपुरतं तुम्ही जोखीम झाकली नाही, नवी ओढवून घेतली. ओळखायचं कसं? सोपी खूण आहे. मागच्या चार तिमाहींत बँकेने कर्जाला लावलेला मूळ दर घ्या, त्याच तारखांना एफबीआयएलचा जाहीर दर काय होता ते शेजारी लिहा. दोन ओळी सारख्या नसतील तर एफआरए करण्याआधी बँकेला विचारा.

एका दिवसाच्या आकड्यावर एवढं सगळं टांगलेलं असतं ही या कराराची सगळ्यात नाजूक जागा. एफआरए लंडनच्या बाजारात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रुजलं आणि १९८५ मध्ये ब्रिटिश बँकर्स असोसिएशनने त्याच्या प्रमाण अटी ठरवून दिल्या. त्या बाजाराचा आकडा होता लायबॉर. काही बड्या बँका रोज सकाळी सांगायच्या की आम्हाला पैसा कितीला पडेल असं वाटतं, आणि त्या सांगण्याची सरासरी म्हणजे लायबॉर. सांगणाऱ्या बँकांकडेच प्रचंड रकमांचे एफआरए आणि स्वॅप असायचे. दहा कोटींवर एक पॉइंट म्हणजे अडीच हजार हे आपण पाहिलं. तिथल्या रकमांवर एका पॉइंटाचे किती होत असतील याचा विचार करा. मोह अनावर झाला. २०१२ पासून एकामागून एक बँकांना लायबॉर वाकवल्याबद्दल मोठे दंड झाले आणि शेवटी लायबॉरच गेला. डॉलरच्या मुख्य मुदतींचा बँकांच्या सांगण्यावर काढलेला शेवटचा लायबॉर ३० जून २०२३ ला जाहीर झाला. एफबीआयएल सांगोवांगीवर नाही तर झालेल्या सौद्यांवर का भर देते, त्याचं उत्तर या कहाणीत आहे.

लायबॉरबरोबर डॉलर आणि पाउंडमधला एफआरएचा धंदाही जवळजवळ आटला, आणि त्याचं कारण सेटलमेंटच्या दिवसातच आहे. नवे दर रोजच्या रोज ठरणारे आहेत. डॉलरचा सोफर, पाउंडचा सोनिया. तीन महिन्यांचा दर हवा तर तीन महिने रोजचे दर एकावर एक चढवत न्यायचे. म्हणजे तीन महिन्यांचा आकडा तीन महिने संपल्यावरच कळतो. पहिल्या दिवशी आकडाच नसेल तर पहिल्या दिवशी मिटवणार काय? म्हणून तिथे आता ओव्हरनाइट स्वॅप होतात आणि ते शेवटी मिटतात. युरोत युरिबॉर अजून जिवंत आहे, त्याचा तीन किंवा सहा महिन्यांचा दर काळ सुरू होताना कळतो, म्हणून तिथे एफआरएही जिवंत आहे. आपल्या तीन महिन्यांच्या ट्रेझरी बिलाचंही तेच, दर आधी कळतो.

भारतात रिझर्व्ह बँकेने एफआरए आणि व्याजदर स्वॅप यांना जुलै १९९९ मध्ये परवानगी दिली. स्वॅप चालले. मुंबईत आज रोज जो गजबजलेला बाजार आहे तो ओव्हरनाइट मायबॉरवरच्या स्वॅपचा. साधा एफआरए मागे राहिला. दहा कोटींच्या ३×६ साठी भाव मागितला तर बँक देईलही, पण तो बाजारातल्या चढाओढीतून आलेला नसेल, बँकेने तुमच्यापुरता काढलेला असेल. अशा वेळी मालकांनी हिशेबनिसाला एक काम सांगावं. त्या दिवशीचे ९१ आणि १८२ दिवसांच्या बिलांचे दर घे, भागाकार कर आणि भाव ऐकण्याआधी आपला आकडा कागदावर लिहून ठेव. हिशेबात ५.८२ आला आणि बँकेने ६.०२ सांगितला, तर वरचे वीस पॉइंट म्हणजे ₹४९,८६३. तीन महिन्यांच्या निश्चिंतीला तेवढे मोजायचे की नाही हे मालकांनी ठरवावं, पण फोन ठेवण्याआधी.